टोनर सांडल्यावर: शर्ट, खुर्ची आणि प्रिंटर कसा साफ झाला

२७ जुलै २०२४, शनिवार. ठाण्यातल्या एका कर सल्लागाराचं ऑफिस. रिटर्न भरायची मुदत ३१ तारखेची, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही सगळे हजर होते. प्रिंट फिकी यायला लागली म्हणून तिथल्या मुलानं लेसर प्रिंटरचं १२ए कार्ट्रिज, म्हणजे टोनरच्या पावडरीचा डबा, बाहेर काढून दोन्ही हातांनी जोरात हलवलं. कार्ट्रिज नुकतंच रिफिल केलेलं होतं आणि बाजूचं बूच नीट बसलेलं नव्हतं. बूच उडालं. निम्म्याहून अधिक पावडर टेबलावर, कापडी खुर्चीवर आणि त्याच्या क्रीम रंगाच्या शर्टावर पडली. असं कार्ट्रिज पूर्ण भरलेलं असताना त्यात साधारण १०० ग्रॅम पावडर असते. ऐकायला कमी वाटते, पण ती किती पसरते हे पाहिल्याशिवाय पटत नाही.

आम्ही प्रिंटर दुरुस्तीवाले. फोन आला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "पंखा बंद करा." दुसरं, "टेबलाखालचा सीपीयूसुद्धा." पंखा सगळ्यांच्या लक्षात येतो, सीपीयू येत नाही. त्याच्या पंख्यातून हवा आत ओढली जाते आणि जमिनीलगतची पावडर थेट मदरबोर्डवर जाऊन बसते. एसी असला तर तोही बंद. खिडकी मात्र उघडायची नाही, निदान ढीग उचलेपर्यंत तरी. त्या दिवशी बाहेर पाऊस आणि वारा होता, त्यामुळे हा मुद्दा आणखीच महत्त्वाचा होता.

टोनर म्हणजे शाई नव्हे, हे आधी डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. ते बारीक दळलेलं प्लास्टिक असतं, साधारण ५ ते १० मायक्रॉनचे कण. त्यात काळ्या रंगासाठी काजळी किंवा लोहाचं ऑक्साइड, थोडं मेण आणि कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून अगदी थोडी सिलिका. प्रिंटरमधला फ्युझर हे प्लास्टिक साधारण १८० ते २०० अंशांवर कागदावर वितळवून दाबतो. पण मऊ पडायला ते बऱ्याच आधी, शंभर अंशांच्या आतच सुरुवात करतं. म्हणून गरम पाणी, इस्त्री, ड्रायर या तिन्ही गोष्टी फ्युझरचंच काम करतात. जोपर्यंत पावडर कोरडी आणि थंड आहे, तोपर्यंत ती फक्त कापडावर बसलेली धूळ आहे. एकदा वितळली की ती धाग्यात रुतते आणि मग बहुधा निघतच नाही.

दुसरी गोष्ट, या कणांवर स्थिर विद्युत भार असतो. प्रिंटर त्यावरच चालतो. आपण कापडानं जोरात घासलं की आणखी भार तयार होतो आणि पावडर निघायच्या ऐवजी जास्त घट्ट चिकटते. त्यामुळे साफसफाईचं सूत्र एकच: आधी कोरडं आणि हलक्या हातानं, पाणी नंतर, आणि तेही थंड.

तो मुलगा घाबरून शर्ट हातानं झटकायला लागला होता. त्याला थांबवलं. हातानं झटकलं की घामाचा ओलावा लागतो आणि पावडर धाग्यात दाबली जाते. त्याला सांगितलं, मास्क लाव, बटणं हळूच सोड, शर्ट डोक्यावरून काढू नकोस, पुढून उघड. डोक्यावरून काढलेल्या शर्टाची पावडर डोळ्यांत आणि नाकात जाते. एन-९५ मास्क ३० ते ५० रुपयांत मिळतो, एखादा प्रिंटरजवळच्या खणात ठेवायला हरकत नाही. दमा असलेल्यानं तर त्या खोलीत थांबूच नये. हाताला लागलेली पावडर थंड पाणी आणि साबणानं निघते. डोळ्यांत गेलीच तर चोळायचं नाही, थंड पाण्याची धार पंधरा मिनिटं सोडायची आणि तरीही खुपलं तर डॉक्टर गाठायचा.

इथे एक युक्ती कामाला आली, पण ती प्रत्येक प्रिंटरला लागू नाही. १२ए सारख्या कार्ट्रिजमध्ये चुंबकीय टोनर असतो. कार्ट्रिजच्या आत जो मॅग रोलर असतो, तो चुंबकानंच पावडर उचलतो. त्यामुळे बाहेर सांडलेली पावडरही चुंबकाला येते. जुन्या स्पीकरमधला चुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि शर्टापासून अर्धा सेंटीमीटर वरून फिरवला. पावडर उडून पिशवीला चिकटली, मग पिशवी उलटी केली आणि गाठ मारली. चुंबक उघडा वापरू नका, त्याच्यावरची पावडर नंतर कधीच पुसली जात नाही. ब्रदर आणि सॅमसंगच्या बहुतेक प्रिंटरांमधला टोनर चुंबकीय नसतो, रंगीत टोनरही सहसा नसतो. तुमचा कोणता आहे ते चिमूटभर पावडरवर चुंबक धरून पाच सेकंदांत कळतं.

उरलेली पावडर शर्ट गॅलरीत आडोशाला धरून, उलट्या बाजूनं टिचक्या मारून पाडली. त्यानंतर पाणी. शर्ट उलटा केला आणि नळाची थंड धार आतल्या बाजूनं सोडली, म्हणजे पाणी पावडरीला ज्या वाटेनं ती आली त्याच वाटेनं बाहेर ढकलतं. या टप्प्याला कापड चोळायचं नाही. पाणी काळं येतंय तोपर्यंत नुसती धार. मग अर्धी बादली थंड पाणी, त्यात चमचाभर लिक्विड डिटर्जंट, आणि शर्ट वीस मिनिटं बुडवून ठेवला. साबण यासाठी की टोनर स्वतःहून भिजत नाही; नुसत्या पाण्यावर तो तरंगतो आणि कापड बाहेर काढताना पुन्हा त्यावर येऊन बसतो. बादलीतलं पाणी करडं झालं की ओतायचं आणि पुन्हा तेच. तीन वेळा पाणी बदलल्यावर ते स्वच्छ राहिलं. कॉलरच्या शिवणीत थोडा काळेपणा उरला होता, तिथे मऊ टूथब्रशनं साबण लावून एकाच दिशेला ओढलं.

घरी मशीनला लावणार असाल तर एक लक्षात ठेवा. फ्रंट लोड मशीनचा नेहमीचा कॉटन प्रोग्रॅम पाणी गरम करतो. थंड पाण्याचा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो. आणि हा कपडा एकटाच टाकायचा, नाहीतर बाकीच्या पांढऱ्या कपड्यांवर करडी झाक येते.

खरी कसोटी वाळवताना आली. जुलैचा पाऊस, कपडे दोन दिवस ओलसरच. मुलाच्या आईचा फोन आला, "थोडी इस्त्री फिरवून वाळवला तर चालेल ना?" नाही, अजिबात नाही. पावसाळ्यात टोनरचे डाग पक्के होतात ते बहुतेक याच कारणानं. शर्ट घरात पंख्याखाली वाळवायचा. पूर्ण वाळल्यावर दिवसाच्या उजेडात पांढरा ओला रुमाल डागाच्या जागी दाबायचा. रुमालावर काळं आलं तर आणखी एकदा धुवायचं. काही आलं नाही तरच इस्त्री. रॉकेल, पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही लावू नये. ही द्रावणं प्लास्टिक विरघळवतात आणि रंग धाग्यात आणखी खोल नेतात. रेशीम, लोकर किंवा जरीचं कापड असेल तर ते फक्त कोरडं झटकून ड्रायक्लीनरकडे द्या आणि "टोनर आहे, गरम करू नका" असं पावतीवर लिहून घ्या.

आता टेबल आणि खुर्ची. टेबलावर सनमायका होता, तो सगळ्यात सोपा. मोठा ढीग जाड पुठ्ठ्यानं अगदी सावकाश वर्तमानपत्रावर ओढला, वर्तमानपत्राची पुडी करून पिशवीत. त्यानंतर सुती फडका थंड पाण्यात भिजवून घट्ट पिळला, त्यावर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, आणि एका दिशेनं एकच हात. एका हातानंतर फडक्याची घडी बदलायची. एकाच घडीनं गोल गोल पुसत बसलात तर सगळं टेबल समान काळं होतं. पॉलिश न केलेल्या लाकडावर पाणी आधी नेऊ नका, रेषांमध्ये काळं उतरतं. तिथे मऊ ब्रश आणि चुंबक, ओला फडका शेवटी.

फरशीवर झाडू फिरवायचा मोह सगळ्यांना होतो. तिथल्या मावशी झाडू घेऊन उभ्याच होत्या. झाडूनं पावडर हवेत जाते आणि संध्याकाळपर्यंत खिडकीच्या गजांवर बसलेली सापडते. ओले कागद पसरून दाबायचे आणि उचलायचे, मग थंड पाण्याचा पोछा. घरचा व्हॅक्यूम क्लीनरही नको. त्याच्या साध्या पिशवीतून एवढे बारीक कण आरपार जातात आणि मागच्या झरोक्यातून खोलीभर फवारले जातात. शिवाय बारीक प्लास्टिकचा धुरळा आणि मोटारीतली ठिणगी एकत्र आली तर पेट घेऊ शकते. आमच्याकडे टोनरसाठीचा वेगळा व्हॅक्यूम असतो, त्याचा फिल्टर बारीक कण धरतो आणि नळी स्थिर वीज साठू देत नाही.

खुर्चीचं आसन स्पंजचं आणि वर जाळीदार कापड. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला. चुंबक, मग टोनरचा व्हॅक्यूम, मग सेलोटेप. टेप दाबायची नाही, फक्त टेकवून उचलायची. एवढं करून जो करडा डाग उरला त्यावर साबणाच्या थंड पाण्याचा हलका फवारा आणि पांढऱ्या सुती कापडानं टिपणं. आसनावर पाणी ओतलं असतं तर पावडर स्पंजात उतरली असती आणि बसणाऱ्याच्या वजनानं पुढचे सहा महिने वर येत राहिली असती. पावसाळ्यात भिजलेल्या स्पंजाचा वास हा वेगळाच विषय. डाग शंभर टक्के गेला नाही. जवळून पाहिलं तर फिकट छटा दिसते, पण बसणाऱ्याची पँट काळी होत नाही, आणि कसोटी तीच होती.

प्रिंटरला हात लावायच्या आधी प्लग काढला आणि अर्धा तास थांबलो. फ्युझर मागच्या बाजूला असतो आणि प्रिंट थांबल्यावरही बराच वेळ तापलेला राहतो; हात भाजतो आणि आत पडलेली पावडर तिथे वितळते. काढलेलं कार्ट्रिज काळ्या पिशवीत गुंडाळलं. त्याच्यातला हिरवा किंवा निळा चकचकीत ड्रम प्रकाशाला संवेदनशील असतो. खोलीतल्या उजेडात दोन-चार मिनिटं चालतात, पण खिडकीजवळ उन्हात ठेवलेला ड्रम पुढे काळपट पानं देतो. त्याला बोटही लावू नये.

कार्ट्रिजची जागा उघडल्यावर दिसलं की आत पावडर आजची नव्हतीच. कागदाच्या वाटेवर जुना काळा थर होता. याचं कारण बूच नव्हतं. १२ए कार्ट्रिजचे दोन अर्धे भाग असतात, एका भागात नवीन पावडर, दुसऱ्यात ड्रम आणि त्याच्यामागे वाया गेलेल्या पावडरीची पेटी. कागदावर न गेलेला टोनर एक पट्टी खरवडून त्या पेटीत टाकते. रिफिल करताना ड्रम काढून ही पेटी रिकामी करावी लागते. घाईत काम करणारे फक्त नवीन पावडर ओततात. दोन-तीन रिफिलनंतर पेटी तुडुंब भरते आणि पावडर ड्रमच्या कडेनं आत गळू लागते. कार्ट्रिजच्या खाली काळी रेघ दिसायला लागली की हेच समजायचं.

आतली सफाई कोरडीच. धागे न सोडणारं मऊ कापड, आतून स्वतःकडे ओढत, म्हणजे पावडर बाहेर वर्तमानपत्रावर पडते. तीन ठिकाणी हात आखडता घ्यावा लागतो. खालचा काळा स्पंजासारखा ट्रान्सफर रोलर पुसायचाच नाही. बोटांचं तेल लागलं की त्या जागी प्रिंट फिकी येते. त्यावरची सुटी पावडर व्हॅक्यूमनं लांबून ओढून घेतली. दुसरी जागा म्हणजे कार्ट्रिजच्या वरची अरुंद फट, जिथून लेसर खाली येतो. तिथे फक्त कोरडं स्वच्छ कापड, तेही अगदी हलकं. तिसरी, कागद ओळखणाऱ्या छोट्या काळ्या पट्ट्या. त्या वाकल्या किंवा त्यांच्या सेन्सरवर पावडर बसली तर कागद अडकलेला नसतानाही प्रिंटर अडकल्याचं सांगत राहतो.

"दादा, गॅलरीत नेऊन ब्लोअर मारला असता तर पाच मिनिटांत झालं असतं ना?" ऑफिसच्या मॅडमनी विचारलं. मार्केटमध्ये असं सर्रास करतात. ब्लोअरनं पावडर दिसेनाशी होते, जात नाही. ती लेसरच्या डब्यात, गिअरमध्ये आणि बोर्डावर जाऊन बसते. काही दिवसांनी पानावर उभा पांढरा पट्टा दिसायला लागतो, कारण आतल्या आरशावर धूळ बसून लेसर तिथे अडतो. मग अख्खा डबा खोलावा लागतो आणि त्याचे पैसे रिफिलच्या कित्येक पट होतात.

शेवटी कागद उचलणारा रबरी रोलर पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडानं पुसला. पाणी लागलेली आतली जागा तेवढी एकच. झाकण उघडं ठेवून तासभर वाळू दिलं.

सोमवारी, २९ तारखेला, दुसरं कंपॅटिबल कार्ट्रिज बसवलं. त्याला ५५० रुपये लागले. जुनं पुन्हा भरायला २५० ते ३०० पुरले असते, पण त्याच्या ड्रमवर चरे पडलेले होते. सफाईची मजुरी धरून एकूण खर्च १,२०० च्या आसपास गेला. आधी दहा कोरी पानं सोडली. पहिल्या चार पानांच्या मागे काळे ओरखडे होते, पुढे फिके होत गेले, आठव्यानंतर स्वच्छ. असं होणं अपेक्षित आहे, वाटेतली उरलेली पावडर कागद स्वतःच पुसून नेतो.

ओरखडे गेले नाहीत तर बोटानं घासून पाहावं. बोटाला काळं लागलं तर ती वाटेवरची सुटी पावडर आहे, पुन्हा पुसायची. बोटाला काही लागत नाही पण डाग आहे, तर टोनर फ्युझरवर वितळून चिकटला आहे. ड्रायव्हरमध्ये क्लीनिंग पेजचा पर्याय असेल तर तो दोन-तीन वेळा चालवावा, त्यात कागद फ्युझरमधून सावकाश जातो आणि चिकटलेलं उचलतो. आणि एकच ठिपका पानावर दर साडेसात सेंटीमीटरवर येत असेल तर दोष ड्रमचा. या कार्ट्रिजचा ड्रम २४ मिलिमीटर व्यासाचा असतो, त्याचा एक फेरा तेवढाच लांब. पट्टी लावून मोजायला मिनिटही लागत नाही आणि उगाच फ्युझर बदलायचा खर्च वाचतो.

राहिला प्रश्न गाठ मारलेल्या पिशव्यांचा आणि फुटलेल्या कार्ट्रिजचा. पावडर बेसिनमध्ये ओतायची नाही आणि जाळायचीही नाही. सांडलेली पावडर गाळून पुन्हा कार्ट्रिजमध्ये भरायची नाही, त्यातल्या धुळीनं आणि कागदाच्या कणांनी ड्रमवर चरे पडतात. कार्ट्रिज प्रिंटरसोबत ई-कचऱ्यात मोडतं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटर कार्ट्रिजसह धरलेले आहेत. म्हणून ते भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत रिसायकलरकडे द्यायचं. ऑफिसच्या नावावर असेल तर दिल्याची पावती मागून फाइलला लावा. आणि पुढच्या वेळी रिफिलवाल्याला पैसे देण्याआधी दोन गोष्टी समोर करायला सांगा: वेस्टची पेटी वर्तमानपत्रावर रिकामी करून दाखवणं, आणि बूच बसवल्यावर कार्ट्रिज पिशवीत घालून तुमच्यासमोर हलवणं.